पोलरीमीटरवर साखरेच्या द्रावणाची संहती कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात ऊस, साखर आणि गूळ यांच्याशी संबंध नसलेलं घर विरळाच. त्यामुळे बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पोलरीमीटर समोर आला की मुलांचे प्रश्न वहीपुरते राहत नाहीत. ते गुऱ्हाळापर्यंत आणि कारखान्याच्या लॅबपर्यंत जातात. दरवर्षी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात शुद्ध साखरेच्या द्रावणापासून केली आहे, कारण ते नीट जमल्याशिवाय रस आणि गुळाकडे वळण्यात अर्थ नाही.

साखरेचं द्रावण नेमकं काय फिरवतं?

साध्या प्रकाशाची कंपनं प्रवासाच्या दिशेला काटकोनात सगळीकडे होत असतात. पोलरायझरमधून गेल्यावर ती एकाच प्रतलात उरतात. असा ध्रुवित प्रकाश शुद्ध पाण्यातून गेला तर ते प्रतल जसंच्या तसं राहतं, पण साखरेच्या पाण्यातून गेला तर थोडं वळून बाहेर येतं. हे वळण साखरेच्या रेणूच्या रचनेमुळे येतं. तो रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा एकमेकांवर बसत नाहीत, आणि निसर्गातली साखर त्यातल्या एकाच प्रकारची असते. ऊस करवीरचा असो वा शिरोळचा, त्यातली साखर प्रतल उजवीकडेच वळवते. उजवीकडे म्हणजे प्रकाशाच्या स्रोताकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या दृष्टीने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने.

द्रवांमध्येही असं वळण होतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनी 1815 मध्ये दाखवलं. प्रकाशाच्या वाटेत जितके जास्त रेणू येतील तितकं वळण जास्त, एवढ्याच गोष्टीवर आपलं सगळं मोजमाप उभं आहे. रेणू दोन प्रकारे वाढवता येतात: द्रावण घट्ट करून किंवा नळी लांब घेऊन.

सूत्र काय आणि एककं कोणती वापरायची?

सूत्र एका ओळीचं आहे:

θ = S × l × c

θ म्हणजे प्रतल किती अंशांनी वळलं तो कोन. l म्हणजे नळीतल्या द्रावणाची लांबी, डेसिमीटरमध्ये. c म्हणजे संहती, एका घन सेंटिमीटर द्रावणात किती ग्रॅम साखर आहे ते. S म्हणजे स्पेसिफिक रोटेशन. उसाच्या साखरेसाठी, 20 अंश सेल्सिअसला आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, S सुमारे +66.5 येतं.

संहती हवी असेल तर:

c = θ / (S × l)

सगळ्यात जास्त उत्तरं लांबीपाशी चुकतात. आपल्या नळ्या 10 आणि 20 सेंटिमीटरच्या असतात, आणि सूत्रात 20 ऐवजी 2 घालायचं असतं. उत्तर दहापट कमी आलं तर आधी इथेच बघा.

दुसरी चूक लांबी मोजताना होते. पट्टी लावून टोपणांसकट नळी मोजली तर लांबी जास्त येते. हवी असते ती दोन काचांच्या चकत्यांमधली द्रावणाची लांबी, आणि ती बहुतेक नळ्यांवर कोरलेली असते. 20 सेंटिमीटरच्या नळीत 1 मिलिमीटरची चूक म्हणजे संहतीत अर्ध्या टक्क्याची चूक.

दहा टक्क्यांचं द्रावण करायला 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर घातली. कोन 13.3 यायला हवा होता, 12.5 आला. उपकरण बिघडलंय का?

उपकरण ठीक आहे. द्रावण करण्यात फरक पडलाय. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर विरघळली की एकूण आकारमान 100 राहत नाही, सुमारे 106 मिली होतं, कारण साखर स्वतः जागा घेते. मग संहती 0.100 न राहता 0.094 होते, आणि 66.5 × 2 × 0.094 केलं की 12.5 येतं. म्हणजे पोलरीमीटरने तुमच्या द्रावणाची खरी संहती अचूक सांगितली.

बरोबर पद्धत अशी. 10 ग्रॅम साखर आधी छोट्या बीकरमध्ये साधारण 50 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. ते 100 मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून तेही त्यातच घाला आणि मग खुणेपर्यंत पाणी भरा. शेवटी बूच लावून फ्लास्क पुरेसा उलटसुलट करा. हे राहिलं तर तळाशी घट्ट थर बसतो आणि एकाच फ्लास्कमधून भरलेल्या दोन नळ्या वेगवेगळी रीडिंग देतात.

किराणा दुकानातली साखर चालते का?

चालते. कारखान्याची पांढरी साखर जवळजवळ सगळी सुक्रोजच असते, आणि कॉलेजच्या उपकरणाच्या अचूकतेला ती पुरेशी आहे. जपायचं ते ओलाव्यापासून. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत साखरेचा डबा उघडा राहिला की दाणे चिकटायला लागतात. मग वजन केलेल्या 10 ग्रॅममध्ये थोडं पाणीही येतं. साखर डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरा. रात्रभर उघडं राहिलेलं साखरेचं पाणी जिवाणूंच्या कामी येतं.

आधी नुसत्या पाण्याचं रीडिंग का घ्यायचं?

उपकरणाचं शून्य स्केलवरच्या शून्यावर असेलच असं नाही. पोलरायझर आणि ॲनालायझर, म्हणजे डोळ्याच्या बाजूचा फिरवता येणारा दुसरा पोलरायझर, बसवताना थोडा फरक राहतो. म्हणून नळीत डिस्टिल्ड वॉटर भरून पहिलं रीडिंग घ्यायचं आणि द्रावणाच्या रीडिंगमधून ते वजा करायचं. समजा पाण्याला 0.4 अंश आलं आणि द्रावणाला 13.7, तर वळण 13.3 अंश. पाण्याचं रीडिंग 359.7 आलं तर गोंधळू नका. ते उणे 0.3 आहे, म्हणजे द्रावणाचं 13.0 आलं तरी वळण 13.3 अंशच.

स्केल वाचताना मुख्य स्केलवर व्हर्निअरच्या शून्याच्या मागे असलेला पूर्ण अंश घ्यायचा, मग व्हर्निअरची कुठली रेघ मुख्य स्केलच्या रेघेला जुळते ते बघायचं. मुख्य स्केलवर 13 आणि व्हर्निअरची सातवी रेघ जुळली, तर 0.1 अंश लीस्ट काउंटच्या उपकरणावर रीडिंग 13.7.

हाफ-शेडच्या दोन अर्ध्या भागांचा उपयोग काय? नुसता काळोख करून रीडिंग का घेत नाहीत?

हा प्रश्न जो विचारतो त्याने प्रयोग अर्धा समजून घेतलाय. ॲनालायझर पोलरायझरला काटकोनात आला की काळोख होतो हे खरं. पण त्या काटकोनाच्या एक-दोन अंश इकडे-तिकडे प्रकाश इतका कमी वाढतो की डोळ्याला फरक जाणवत नाही. सर्वात काळी जागा कुठली हे डोळ्याला ठरवता येत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन छटा सारख्या आहेत की नाहीत, हे मात्र डोळा फार बारकाईने सांगतो. लॉरेंट यांच्या हाफ-शेडमध्ये याचाच उपयोग केलाय.

पोलरायझरच्या पुढे एक गोल चकती असते. तिचा अर्धा भाग क्वार्ट्झचा आणि अर्धा काचेचा असतो. क्वार्ट्झची जाडी सोडियमच्या प्रकाशासाठी अशी ठेवलेली असते की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाची कंपनदिशा मधल्या रेषेच्या पलीकडे तितक्याच छोट्या कोनाने जाते. काचेच्या भागातली दिशा तशीच राहते. आयपीसमधून पाहताना एक अर्धगोल उजळ आणि एक अंधुक दिसतो. ॲनालायझर किंचित फिरवला की त्यांची अदलाबदल होते. या अदलाबदलीच्या मधोमध एक जागा अशी येते की दोन्ही अर्धगोल सारखे अंधुक होतात आणि मधली रेघ पुसल्यासारखी दिसते. रीडिंग तिथेच घ्यायचं.

मला दोन जागी दोन्ही भाग सारखे दिसतात. कुठली जागा धरायची?

अंधुक दिसते ती. ॲनालायझर पूर्ण फिरवला तर सारखेपणाच्या चार जागा मिळतात: दोन अंधुक, एकमेकींपासून 180 अंशांवर, आणि दोन उजळ. उजळ जागी ॲनालायझर चार-पाच अंश हलवला तरी दोन्ही भाग सारखेच वाटत राहतात, म्हणून तिथलं रीडिंग कामाचं नाही. अंधुक जागी अर्धा अंश हलवलं तरी एक बाजू चटकन काळवंडते.

ओळखायची खूण सोपी आहे: उत्तरात सुमारे 90 अंशांचा भलताच फरक आला, तर पाण्याचं रीडिंग एका प्रकारच्या जागी आणि द्रावणाचं दुसऱ्या प्रकारच्या जागी घेतलंय. दोन्ही अंधुक जागांची रीडिंग घेऊन सरासरी काढली तर स्केलचा मध्य किंचित सरकलेला असल्याचा दोषही निघून जातो, म्हणून वहीत दोन रकाने असतात.

सोडियमचाच दिवा का? साध्या बल्बवर का नाही?

साखर प्रत्येक रंगाचं प्रतल वेगवेगळ्या कोनातून वळवते. तरंगलांबी कमी तितकं वळण जास्त. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, म्हणजे 589 नॅनोमीटरला, 66.5 असलेलं स्पेसिफिक रोटेशन पाऱ्याच्या दिव्याच्या हिरव्या प्रकाशात, 546 नॅनोमीटरला, 78 च्या पुढे जातं. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग आपापल्या कोनाने वळतात, म्हणून अर्धगोल सारखे होण्याऐवजी रंगीत दिसू लागतात. शिवाय हाफ-शेडचं क्वार्ट्झच सोडियमसाठी घासलेलं असतं.

दिवा लावल्यावर आधी लालसर उजेड येतो. तो पूर्ण पिवळा होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, थांबा. घाईत घेतलेलं पहिलं रीडिंग पुढच्या सगळ्या रीडिंगमधून वजा होत जातं.

नळी भरताना काय जपायचं?

आधी त्याच द्रावणाने नळी विसळून घ्या, नाहीतर आधीचं उरलेलं पाणी द्रावण पातळ करतं. नळी उभी धरून काठोकाठ भरा, द्रावण काठावर फुगून आलं की काचेची चकती बाजूने सरकवत बसवा. तरी बुडबुडा राहिलाच तर नळीच्या एका टोकाजवळ असलेल्या फुगीर भागात तो न्या आणि तो भाग वर राहील अशी नळी ठेवा. प्रकाशाच्या वाटेत बुडबुडा आला तर वर्तुळाची कड धूसर होते आणि मधली रेघ तुटक दिसते.

टोपण फार आवळू नका. काचेवर ताण पडला की ती काच स्वतःच प्रकाशाच्या ध्रुवणात ढवळाढवळ करते. असं झालं की दोन्ही भाग कितीही फिरवलं तरी नीट जुळत नाहीत. शंका आली तर पाणी भरून टोपण आवळून आणि सैल करून दोन रीडिंग घ्या. ती वेगळी आली तर दोष तिथेच आहे. आणि चकतीच्या बाहेरच्या बाजूचा साखरेचा थेंब पुसायला विसरू नका, तो सुकला की काच धुरकट होते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

20 सेंटिमीटरची नळी आणि 0.1 अंश लीस्ट काउंटचं उपकरण घेऊ. पाण्याचं रीडिंग 0.4 अंश. मग घन सेंटिमीटरला 0.20, 0.10, 0.05 आणि 0.025 ग्रॅम अशी चार द्रावणं. पहिलं द्रावण वजन करून बनवायचं आणि बाकीची प्रत्येक वेळी निम्मी पातळ करत जायची, म्हणजे पिपेटने 50 मिली घेऊन 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरायचं. पाण्याचं रीडिंग वजा केल्यावर कोन समजा 26.5, 13.2, 6.7 आणि 3.3 अंश मिळाले.

आता आडव्या अक्षावर संहती आणि उभ्या अक्षावर कोन घेऊन आलेख काढा. चारही बिंदू एका सरळ रेषेच्या आसपास पडतात आणि ती रेषा शून्यातून जाते. तिचा चढ सुमारे 132.5 येतो. त्याला नळीच्या लांबीने, म्हणजे 2 ने भागलं की स्पेसिफिक रोटेशन 66.2. पुस्तकातल्या 66.5 च्या जवळ आहे, म्हणजे उपकरण आणि हात दोन्ही ठीक.

आता अज्ञात द्रावण. त्याचं रीडिंग 9.9 अंश. पाण्याचं 0.4 वजा करून 9.5. त्याला 132.5 ने भागलं की 0.0717, म्हणजे 100 मिलीत सुमारे 7.2 ग्रॅम साखर. पुस्तकातली 66.5 ही किंमत थेट वापरली तर 0.0714 येतं. फरक किरकोळ आहे, तरीही स्वतःच्या आलेखाची किंमत वापरणं मला जास्त योग्य वाटतं. त्याच नळीत, त्याच दिव्यावर, त्याच दिवशीच्या तापमानाला मोजलेली असल्याने तुमच्या उपकरणाचे बरेचसे कायमचे दोष त्यात आपोआप सामावतात.

रेषा शून्यातून न जाता वर किंवा खाली कापत असेल, तर पाण्याचं रीडिंग पुन्हा घ्या. एकच बिंदू रेषेबाहेर असेल तर ते द्रावण चुकलंय. सगळेच बिंदू रेषेवर आहेत पण चढ कमी आहे, तर पहिलंच द्रावण बनवताना किंवा नळीची लांबी घेताना चूक झाली आहे.

उत्तर किती अचूक धरायचं?

कोनात 0.1 अंशाची चूक सहज होते. 9.5 अंशांवर ती सुमारे 1 टक्का आहे, 3.3 अंशांवर 3 टक्के. म्हणून पातळ द्रावणाला लांब नळी घ्यायची. त्याच द्रावणाला 10 सेंटिमीटरच्या नळीत निम्मा कोन मिळतो आणि टक्क्यांमधली चूक दुप्पट होते. उत्तर 0.0717 असं चार दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यापेक्षा 100 मिलीत 7.2 ग्रॅम असं लिहिलेलं प्रामाणिक.

मे महिन्यात लॅब 35 अंशांवर असते. त्याने किती फरक पडतो?

शुद्ध साखरेसाठी थोडासाच, एक टक्क्याच्या आत. तापमान वहीत लिहून ठेवा, एवढं पुरे. साखर फुटून फ्रुक्टोज तयार झालं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण फ्रुक्टोजचं वळण तापमानाने बरंच बदलतं. त्याबद्दल पुढे आलंच आहे.

13.3 अंश उजवीकडे की 166.7 अंश डावीकडे, हे कसं ठरवायचं?

एका रीडिंगवरून ठरत नाही, कारण दोन्हींना ॲनालायझर एकाच जागी येतो. द्रावण निम्मं पातळ करून पुन्हा बघा. वळण उजवीकडे 13.3 असेल तर आता 6.65 होईल, डावीकडे 166.7 असेल तर 83.35 होईल, आणि या दोन जागा स्केलवर स्पष्ट वेगळ्या आहेत. नळी 20 ऐवजी 10 सेंटिमीटरची घेतली तरी हेच कळतं.

साखर कारखान्यात "पोल" म्हणतात ते हेच का?

हेच, फक्त स्केल वेगळं. कारखान्याच्या लॅबमध्ये 26 ग्रॅम नमुना पाण्यात विरघळवून 100 मिली करतात आणि 20 सेंटिमीटरच्या नळीत बघतात. नमुना शुद्ध सुक्रोज असेल तर वळण 34.6 अंशांच्या आसपास येतं, आणि त्या जागेला सॅकरिमीटरच्या स्केलवर 100 म्हणतात. म्हणजे स्केल थेट टक्केवारी देतं, भागाकार करावा लागत नाही. आपल्या सूत्रानेही पडताळता येतं: 66.5 × 2 × 0.26 बरोबर 34.6.

त्याच लॅबमध्ये ब्रिक्सही घेतात. ब्रिक्स रसात विरघळलेलं सगळं मोजतं, क्षार आणि इतर घटकांसकट. मीठ किंवा चुना प्रतल वळवत नाही, म्हणून पोलमध्ये तो दिसत नाही. पोलला ब्रिक्सने भागून 100 ने गुणलं की प्युरिटी मिळते. दोन मोजमापं दोन वेगळ्या गोष्टी पाहतात म्हणूनच त्या भागाकाराला अर्थ येतो.

मग गुऱ्हाळावरचा गूळ किंवा उसाचा रस आणून थेट मोजला तर?

कोन मिळेल, पण त्याला 66.5 ने भागून आलेला आकडा म्हणजे सुक्रोज नव्हे. या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो.

ऊस तोडल्यापासून सुक्रोज फुटायला लागतं. काहिलीत रस उकळताना आंबटपणा जास्त असेल तर आणखी फुटतं. एक रेणू सुक्रोज आणि एक रेणू पाणी यांपासून एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज तयार होतं. ग्लुकोज प्रतल उजवीकडे वळवतं, सुमारे +52.7. फ्रुक्टोज डावीकडे, सुमारे −92. दोन्ही समप्रमाणात असताना सरासरी −20 च्या आसपास, म्हणजे वळण डावीकडे. शुद्ध साखरेचं 13.3 अंश वळवणारं द्रावण पूर्ण फुटलं तर तेच द्रावण सुमारे 4 अंश डावीकडे वळवतं. उजवीकडून डावीकडे असं पालटत जाणारं वळण पोलरीमीटरवर मोजून विल्हेल्मी यांनी 1850 मध्ये आम्लातल्या या क्रियेचा वेग काढला होता. रासायनिक क्रियेचा वेग मोजून नियमात बसवण्याचं ते पहिलं काम मानलं जातं.

आता गूळ घेऊ. हिशेबासाठी समजा एका गुळात 80 टक्के सुक्रोज आणि 8 टक्के फुटलेली साखर आहे. 10 ग्रॅम गूळ 100 मिली द्रावणात घेतला, तर सुक्रोजचं वळण +10.6 आणि फुटलेल्या साखरेचं −0.3. एकूण 10.3 अंश. याला 133 ने भागलं तर सुक्रोज 77.4 टक्के निघेल. खऱ्यापेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त कमी, आणि उपकरणात काहीच दोष नाही.

शिळ्या उसाच्या रसात उलटी अडचणही असते. तोडून पडलेल्या उसात जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, आणि तो साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवतो. तो पोल फुगवतो, फुटलेली साखर पोल घटवते, आणि एका कोनातून हे दोघे वेगळे करता येत नाहीत. म्हणून रस मोजायचा तर त्याच दिवशी तोडलेल्या उसाचा घ्या, आणि लिंबू घातलेला रसवंतीवरचा रस आणू नका.

गुळातलं खरं सुक्रोज काढण्याचा मार्ग आहे का?

आहे. दोनदा मोजायचं, क्लेर्जे यांच्या पद्धतीने. पहिलं रीडिंग द्रावण आहे तसं. मग त्याच द्रावणाचा ठरावीक भाग घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून वॉटर बाथवर 60 अंशांच्या आसपास काही मिनिटं ठेवायचं, म्हणजे सगळं सुक्रोज फुटतं. थंड करून, आम्लामुळे वाढलेल्या आकारमानाचा हिशेब धरून, दुसरं रीडिंग घ्यायचं.

यामागची युक्ती अशी की आधीपासून फुटलेली साखर दोन्ही वेळा जवळपास सारखंच वळवते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. उरतो तो फक्त सुक्रोज फुटल्यामुळे झालेला बदल. शुद्ध सुक्रोजच्या 0.10 द्रावणात, 20 सेंटिमीटरच्या नळीत, हा बदल +13.3 पासून −4.1 पर्यंत, म्हणजे 17.4 अंशांचा. वरच्या गुळाचं पहिलं रीडिंग +10.3, दुसरं −3.6. बदल 13.9 अंश. 13.9 ला 17.4 ने भागून 0.10 ने गुणलं की 0.080, म्हणजे 80 टक्के. जे धरून निघालो होतो तेच हाती आलं.

इथे तापमानाकडे दुर्लक्ष करता येत नाही. वरचे आकडे 20 अंशांचे आहेत. दुसरं रीडिंग मेच्या उकाड्यात घेतलं तर फ्रुक्टोजचं डावं वळण कमी झालेलं असतं आणि सुक्रोज कमी निघतं. दोन्ही नळ्या एकाच तापमानाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मग मोजा.

गुळाचं द्रावण इतकं गडद आहे की काहीच दिसत नाही. काय करायचं?

आधी गाळा. फिल्टर पेपरवर किसेलगूर पसरून त्यातून गाळलं तर गढूळपणा बराच जातो. रंग तरीही जास्त असेल तर द्रावण पातळ करा किंवा 10 सेंटिमीटरची नळी घ्या. अचूकता थोडी जाते, पण दिसत नसलेल्या जागी अंदाजाने रीडिंग घेण्यापेक्षा ते बरं. कोळशाची पूड वापरलीत तर ती रंगाबरोबर थोडी साखरही शोषते, म्हणून गाळलेल्या द्रावणाचा पहिला भाग टाकून द्या आणि पुढचा घ्या.

कारखान्यांत रस स्वच्छ करायला लेड सबअ‍ॅसिटेट वापरण्याची जुनी पद्धत आहे. शिसं विषारी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याची गरज नाही, आणि कुठे वापरलंच तर ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचं. मार्केट यार्डातून आणलेल्या पिवळ्या गुळाला मी सांगितलेलं गाळणं आणि 5 टक्क्यांचं द्रावण सहसा पुरतं. काळपट गुळासाठी 2 टक्क्यांपर्यंत पातळ करा, आणि कोन लहान येणार असल्याने निदान पाच रीडिंगची सरासरी घ्या.